गाडीत बसण्याआधीची वीस मिनिटं

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं तोवर आमच्या शिरोळ तालुक्यात बाहेरून कोणी येऊच शकत नव्हतं. पुणे-बंगळूर हायवे बंद, लहानमोठे पूल पाण्याखाली. गावांतून माणसं बाहेर काढायचं काम एनडीआरएफ, लष्कर आणि गावोगावचे पट्टीचे पोहणारे करत होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे, ती नदी त्या वर्षी 55 फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोका सुरू होतो, तिथं कृष्णा 57 फुटांवर पोचली. मग पाणी उतरायला लागलं, हायवे उघडला, आणि पुण्या-मुंबईकडून गाड्यांची रांग लागली. त्या वर्षी 15 ऑगस्ट आणि राखीपौर्णिमा एकाच गुरुवारी आली होती. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मोकळे. तरुण पोरं-पोरी मिळेल त्या टेम्पोत बसून आली.

कोल्हापूर शहरातलं पाणी ओसरलं तरी शिरोळ तालुक्यातलं लवकर ओसरत नाही. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात, आणि पुढे जमिनीला उतार असा फारसा नाही. एक नदी फुगलेली असली की दुसरीला वाट मिळत नाही. त्यामुळे एकाच दिवशी एका गावात गाळ काढायचं काम चालू असायचं आणि शेजारच्या गावाच्या रस्त्यावर अजून कंबरभर पाणी असायचं. आलेल्या पोरांना हे माहीत नव्हतं, आणि ते त्यांना माहीत असायचं कारणही नव्हतं.

जयसिंगपूरच्या एका मंगल कार्यालयात आम्ही काही जणांनी मदतकेंद्र उघडलं होतं. कुठल्या गावात कशाची गरज आहे हे तहसील कार्यालयातून कळायचं, आणि त्यावरून आम्ही सकाळी गट पाठवायचो. गट निघण्याआधी त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. कारण एवढंच की मी आयुष्यभर सूतगिरणीत शिफ्ट सांभाळली. रात्रपाळीचा माणूस जाताना दिवसपाळीच्या माणसाला काय सांगतो, काय सांगायचं विसरतो आणि त्यातून कोणाचं बोट जातं, हे मी पुष्कळ पाहिलेलं आहे. तोंडी सांगणाऱ्या माणसाचं तिसऱ्या वेळी काहीतरी गळतंच. म्हणून मी सगळं एका कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून काढलं आणि प्रत्येक गटापुढे तो कागद वाचायचं ठरवलं. चष्मा लावून, शब्द न बदलता. पोरांना ते शाळेतल्या परिपाठासारखं वाटायचं. वाटू दे म्हटलं.

कागदावरचं पहिलं वाक्य होतं : "आज आपण अमुक गावात, अमुक गल्लीत, पाच घरांतला गाळ काढायला जातोय." गाव, गल्ली आणि घरांचा आकडा रोज बदलायचा, वाक्य तेच. आठ जणांचा गट दिवसभरात चार-पाच घरांच्या पुढे जात नाही हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुराचा गाळ म्हणजे अंगणातला चिखल नव्हे. तो चिकट असतो, घमेल्यातून सुटत नाही, त्यात भिजलेली गादी असते, धान्य कुजलेलं असतं, काचा असतात. घरांचा आकडा आधी सांगितला नाही तर उत्साहात वीस घरांना हात लावतात आणि एकही पुरं होत नाही. अर्धवट काढलेला गाळ दुसऱ्या दिवशी उन्हानं कडक होतो, मग खोरंही लागत नाही.

त्यानंतर कामाची वाटणी. इथं मी शिक्षण विचारत नसे. विचारायचे प्रश्न चार होते. खोरं-टिकाव कधी धरलंय का? गाडी कोण चालवतं? कन्नड कोणाला येतं? सीमेवरची गावं, काही म्हाताऱ्या माणसांशी बोलायला ते लागतं. आणि चौथा प्रश्न मी सगळ्यांसमोर न विचारता एका ताईंकडे दिला होता. त्या डॉक्टर नव्हत्या, पण वर्षानुवर्षं दवाखान्यात नोकरी केलेल्या. त्या प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायच्या : अंगावर उघडी जखम, दमा, साखर, गरोदरपण, फिट्स, काही आहे का? असेल त्याला गाळात पाठवायचं नाही. पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो होतो, आणि त्याला शिरायला पायाची एक चीर पुरते. अशांसाठी केंद्रात किट बांधायचं आणि फोन घ्यायचं काम असायचं. एक पोरगा चिडला. अंगठ्याला पट्टी होती त्याच्या. म्हणाला, "काका, मी तीनशे किलोमीटरवरून पुड्या बांधायला नाही आलो." ताई म्हणाल्या, "मग बांधू नकोस, रजिस्टर धर. पण गाळात पाय घालायचा नाही." धरलं त्यानं रजिस्टर. पुढचे दिवस केंद्राचं रजिस्टर त्याच्याइतकं चोख कोणी ठेवलं नाही.

आठ जणांत एक गटप्रमुख, एक नोंद ठेवणारा, एक नजर ठेवणारा. उरलेले पाच काम करणारे. नजर ठेवणाऱ्याच्या हातात खोरं द्यायचं नाही हा नियम पोरांना सगळ्यात विचित्र वाटायचा. एवढं काम पडलंय आणि एक जण नुसता उभा? पण गाळ उपसणारा माणूस खाली बघत असतो. वर कोणीतरी बघायला हवंच, आणि तो कोण हे आधी ठरलेलं नसलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. एका माणसाचं लक्ष तासाभरात मरतं म्हणून दर तासाला नजर ठेवणारा बदलायचा.

याशिवाय वाटणीच्या कागदावर एक चौकट असायची, तिचं शीर्षक "हे आपलं काम नाही". पोहून कोणाला आणणं, नावेत बसणं, विजेला हात लावणं, औषधं वाटणं, विहिरीत उतरणं, भिंत पाडणं. ही कामं करणारी माणसं दुसरी आहेत, ती दिसली नाहीत तर आम्हाला फोन करा. माझ्या मते वाटणीतला हाच भाग सर्वांत जास्त उपयोगी पडला. कारण गावात उतरलं की लोक हात धरून न्यायला लागतात. "दादा, तेवढी मोटर काढून द्या की वो विहिरीतनं." समोर म्हातारा माणूस हात जोडून उभा असताना नाही म्हणायचं तरुण पोराला जमत नाही. कागद दाखवून "आम्हाला परवानगी नाही, आजोबा, पण मी आत्ता फोन लावतो" असं म्हणणं जमतं.

मग जिवाचे नियम. सुरुवातीला माझ्या कागदावर पंधरा-सोळा नियम होते. पंधरा नियम सांगितले की ऐकणाऱ्याला साप आणि टोपी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. म्हणून दोन भाग केले. माणूस मरतो अशा तीन गोष्टी : पाणी, वीज, भिंत. त्या मी स्वतः वाचायचो. बाकी सगळं, म्हणजे गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन, उकळलेलं पाणी, लेप्टोसाठी डॉक्टर देतील ती गोळी जेवल्यावर घेणं, हे ताई सांगायच्या. साप दिसला तर काठी न उचलता सर्पमित्राला बोलवायचं, आणि चावलाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, पाय न हलवता 108 ची गाडी, हेही त्यांच्याकडेच.

पाण्याचा नियम एका ओळीचा. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही, आणि वाहतं पाणी ज्या रस्त्यावरून जातंय त्यावर गाडी घालायची नाही, ते वीतभर दिसलं तरी. पाण्याखाली रस्ता आहे की खचलेली मोरी, हे वरून कळत नाही. नावेबद्दल मला जास्त बोलावं लागलं नाही. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव उलटून बारापेक्षा जास्त माणसं गेली होती. नावेत माणसं जास्त झाली होती. ती बातमी सगळ्यांनी वाचलेली होती. मी एवढंच म्हणायचो, "त्या नावेत चढणाऱ्या प्रत्येकाला वाटलं असेल, मी एकटा चढल्यानं काय होतंय."

विजेबद्दल लोकांचा एक ठाम गैरसमज असतो. गावात लाईट नाही म्हणजे तारेत वीज नाही. महावितरणची माणसं रात्रंदिवस दुरुस्ती करत असतात, लाईन कुठल्या क्षणी चालू होईल हे घरात गाळ काढणाऱ्याला समजायचं नाही. शिवाय पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो. खांबावरून वीज येत नसली तरी तो आपल्या बॅटरीवर घरात वीज सोडू शकतो. म्हणून घरात शिरण्याआधी घरमालकाला विचारायचं : मेन बंद आहे का, इन्व्हर्टर आहे का, कुठे आहे. मेन ओल्या भिंतीवर असेल किंवा तिथं पोचायला पाण्यातून जावं लागत असेल तर ते घर सोडून पुढचं घ्यायचं, आणि तशी नोंद करायची. गॅसचा वास आला तर बटण दाबायचं नाही, दारं उघडून बाहेर यायचं.

भिंतीला मात्र मी वीस मिनिटांतली सात-आठ मिनिटं द्यायचो. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या. पाणी भरलेलं असतं तेव्हा त्या उभ्या राहतात, कारण पाण्याचा दाब आतूनही असतो आणि बाहेरूनही. पाणी उतरतं तेव्हा तो आधार जातो. भिंत मात्र आतून ओलीचिंब, जड झालेली, पायाकडची माती लोण्यासारखी. म्हणजे पुरात टिकलेली भिंत पुरानंतरच्या चार-आठ दिवसांत, लख्ख उन्हात, कोणी तरी खाली बसून गाळ उपसत असताना पडते. बाहेरून आलेल्या माणसाला धोका संपलाय असं वाटतं तेव्हाच हा धोका सुरू होतो.

म्हणून गटप्रमुखानं आधी घराला बाहेरून एक फेरी मारायची. भिंतीला पोट सुटलंय का? कोपऱ्यातून वर जाणारी भेग आहे का, आणि तिची कड ताजी, स्वच्छ आहे का? जुन्या भेगेत कोळिष्टकं असतात, धूळ असते. नवी भेग कोरी दिसते. दाराची चौकट तिरकी होऊन दार अडकतंय का? भिंतीच्या पायाशी नुकत्याच पडलेल्या मातीची बारीक रास आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी त्या घरात कोणी जायचं नाही, आणि भिंत जेवढी उंच तेवढ्या अंतरात उभंही राहायचं नाही. आणि यातलं काहीच न दिसता घर चांगलं वाटलं तरी गाळ काढताना एकाच बाजूचा सगळा ओढायचा नाही. आत कमरेएवढा गाळ आणि बाहेर मोकळं, अशी स्थिती आली की भिंतीवर एकाच बाजूनं भार येतो. थोडा आतला, थोडा बाहेरचा, असं करत जायचं. नजर ठेवणाऱ्यानं फक्त दोन गोष्टी बघायच्या : माती झरतेय का आणि भेग वाढतेय का. भेगेच्या शेवटाला खडूनं रेघ मारून ठेवायची. तासाभरात भेग रेघेच्या पुढे गेलेली दिसली की शिट्टी. शिट्टी वाजली की हातातलं घमेलं तिथंच टाकून बाहेर. घमेलं ठेवायला वाकायचं नाही.

एका गटाला हे प्रत्यक्ष उपयोगी पडलं. दुपारच्या जेवणानंतर नजर ठेवायची पाळी एका कॉलेजच्या मुलीची होती. तिनं शिट्टी मारली, सगळे बाहेर आले, आणि काही झालंच नाही. पोरं हसली. घरमालकही म्हणाले, "आमच्या आज्याच्या वेळची भिंत हाय ती, कुठं पडतीया." गटप्रमुखानं कागदात लिहिलं होतं तसं ते घर सोडलं आणि पुढच्या घराला लागले. संध्याकाळी निघताना त्यांनी पाहिलं, तर त्या भिंतीचा वरचा हातभर भाग न्हाणीकडे कोसळलेला. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये उभं करून हे सांगायला लावलं. माझ्या सात मिनिटांपेक्षा तिचं एक मिनिट लोकांनी जास्त ऐकलं.

आणखी एक नियम जिवाचा नव्हता, पण मी त्याच दमात वाचायचो : पंचनामा झाल्याशिवाय काही फेकायचं नाही. तलाठी आणि ग्रामसेवक घरोघर फिरून नुकसानीची नोंद करत होते, आणि सरकारी मदत त्या नोंदीवर मिळणार होती. शहरातून आलेल्या पोरांना घर लख्ख करून द्यायची घाई. भिजलेलं धान्य, फुगलेलं कपाट, चिखलानं भरलेला टीव्ही, सगळं ट्रॉलीत भरून गावाबाहेर. मग तलाठी येतो आणि विचारतो, काय नुकसान झालं? मेलेल्या जनावराचंही तसंच. वासानं जीव जातो म्हणून लोक घाईनं पुरतात, आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पाहिलेलं नसलं की ती म्हैस कागदावर कधी मेलीच नाही. तर घरमालकाला आधी विचारायचं, पंचनामा झाला का. नसेल तर प्रत्येक वस्तूचा फोटो त्याच्याच फोनमध्ये काढून द्यायचा, वस्तू दारात एका बाजूला रचून ठेवायच्या, आणि फक्त गाळ काढायचा. आपल्या फोनमध्ये लोकांच्या घरांचे आणि किट घेणाऱ्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत, हेही तिथंच. पत्रे पाठवतो, गादी पाठवतो अशी आश्वासनं द्यायची नाहीत. तुम्ही रविवारी परत जाता, ते शब्द आम्हाला ऐकवले जातात.

आता कळवण्याबद्दल. बाकी सगळं नीट होऊनही केंद्राचा दिवस वाया जायचा तो इथं.

पहिल्या दिवसांत निरोप यायचे ते असे : "काका, इथं हालत फार वाईट आहे. कोणीच आलेलं नाही. लवकर काहीतरी पाठवा." असा एक निरोप एका गावातून आला. सोबत वेशीवर उभ्या असलेल्या एका माणसाचा व्हिडिओ, तो रडत होता. तो व्हिडिओ आमच्याकडे यायच्या आधीच आणखी चार ठिकाणी गेला होता. त्या दिवशी त्या गावात वेगवेगळ्या केंद्रांचे ट्रक एकामागून एक पोचले, सगळे मुख्य चौकात थांबले, आणि शाळेच्या व्हरांड्यात पाण्याच्या बाटल्यांचा आणि बिस्किटांचा ढीग लागला. रडणारा माणूस खोटं बोलत नव्हता. तो ओढ्यापलीकडच्या वस्तीतला होता. तिकडे जायच्या फरशीवरून अजून पाणी वाहत होतं, आणि ट्रक चौकातच रिकामे होत होते. त्याच्या वस्तीत संध्याकाळपर्यंत एक बाटलीही गेली नाही. त्याला त्याच्याच गावाच्या वेशीवर उभं राहून ट्रक बघावे लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच गावात कमी बोलणारा एक पोरगा गटप्रमुख म्हणून पाठवला आणि त्याच्या हातात सहा ओळींचा कागद दिला. कुठे आहात. किती वाजलेत. डोळ्यांनी काय पाहिलं. काय ऐकलं आणि कोणाकडून. काय केलं. काय उरलं, आणि त्यासाठी काय लागेल ते नगावर किंवा किलोवर. अकरा वाजता त्याचा एसएमएस आला. व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, एसएमएस. नेट चालत नव्हतं, आणि रेंजची एक काडी असली तरी एसएमएस जातो. मजकूर साधारण असा होता :

"शाळा चौक, 11.05. पाहिलं : शाळेत पाणी व बिस्किटं भरपूर, आणखी नको. ओढ्यापलीकडे वस्ती, घरं मोजली 42, फरशीवर पाणी पोटरीपर्यंत, वाहतं, गाडी जाणार नाही. ऐकलं : दोघांना इन्सुलिन लागतं, दोन दिवस नाही, असं आशाताई म्हणाल्या. केलं : 2 घरं साफ. उरलं : वस्तीला चूल पेटवायला काही नाही. 42 घरांना रॉकेल किंवा कोरडं सरपण, 42 ताडपत्र्या. ट्रॅक्टर हवा, ट्रक नको."

या एका निरोपावर आमचं अर्ध्या तासात काम झालं. बिस्किटांचा ट्रक दुसऱ्या गावाकडे वळवला. वस्तीसाठी सरपंचांना फोन केला, तर पलीकडच्या शेताच्या वरच्या अंगानं ट्रॅक्टर जाईल अशी वाट असल्याचं कळलं. गावातल्या माणसालाच ती वाट माहीत असणार. इन्सुलिनची गोष्ट "ऐकलं" या ओळीत होती म्हणून आम्ही ती तशीच पुढे रेटली नाही. आधी आशाताईंना फोन करून नावं, वय आणि कुठलं इन्सुलिन ते विचारलं. गरज दोघांना नसून एकाला निघाली. दुसऱ्या बाईंच्या गोळ्या होत्या, त्या भिजल्या होत्या. आरोग्य केंद्राच्या गाडीतून दोन्ही गेलं. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच ओळीत आलं असतं तर चुकीचं औषध चुकीच्या घरी गेलं असतं.

त्या दिवसापासून कागद वाचून झाला की मी गटाकडून एक सराव करून घ्यायचो. हॉलच्या मागच्या बाजूला काय काय आहे ते दोन मिनिटं बघून या आणि सहा ओळींत सांगा. हमखास कोणीतरी म्हणायचं, "तिकडे खूप सामान पडलंय." खूप म्हणजे किती? मग परत जाऊन मोजून यायचं. "तांदळाची पोती 14, त्यातली 3 ओली." हे जमलं की गाडीत बसायचं. त्याच वेळी मी गटातल्या सर्वांत गप्प माणसाला विचारायचो : गटप्रमुख कोण? नजर ठेवायची पहिली पाळी कोणाची? शिट्टी वाजली तर काय करायचं? फोन कोणाला? बोलक्या माणसाला विचारून उपयोग नसतो, तो उत्तर बनवतो. गप्प माणसाला उत्तरं आली म्हणजे सगळ्यांना आली. नाही आली तर तेवढाच भाग पुन्हा वाचायचा, आणि गाडीचा ड्रायव्हर कितीही हॉर्न वाजवू दे.

निरोपाच्या वेळा ठरलेल्या होत्या : अकरा, दोन, पाच. सांगण्यासारखं काही नसलं तरी "सगळे आठ ठीक, काम चालू" एवढं कळवायचं. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास निरोप नाही आला तर आम्ही गटप्रमुखाला फोन करणार, मग नोंद ठेवणाऱ्याला, मग गावातल्या ओळखीच्या माणसाला. आणखी अर्ध्या तासात कोणीच लागलं नाही तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवणार. हे मी मुद्दाम सगळ्यांदेखत सांगायचो. आपण गप्प राहिलो तर काय काय हलतं हे माहीत असलं की माणूस निरोप देतो. साडेचारला काम थांबवायचं, अवजारं मोजायची, सहाच्या आत केंद्रावर. अंधारात कोणी गावात राहायचं नाही. गावकऱ्यांनी आग्रह केला तरी जेवायला थांबायचं नाही, त्यांच्या घरात आधीच दाणा नाही.

आणि परत आल्यावर प्रत्येकानं सकाळी सही केलेल्या रकान्यासमोर स्वतःच्या हातानं सही करायची. हा नियम एका रात्रीमुळे आला. सात जणांचा गट आला होता, पाच परतले. दोघं कुठे, तर कोणाला नक्की माहीत नाही. एक म्हणाला मागच्या गाडीत आहेत, मागच्या गाडीवाले म्हणाले पुढे गेले. फोन बंद. रात्री नऊला गावातले चार लोक बॅटऱ्या घेऊन नदीकाठच्या उसाच्या कडेनं फिरत होते. ज्यांची स्वतःची घरं चिखलात होती ती माणसं. दहाच्या पुढे कळलं की दोघं दुपारीच एका ओळखीच्या गाडीत बसून घराकडे निघाले होते आणि फोनची चार्जिंग संपली होती. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, दिवसभर राबली होती ती पोरं. पण त्या रात्रीनंतर कागदावर ठळक अक्षरात ओळ आली : "गावातून परस्पर घरी जायचं नाही. बसने जायचं असेल तरी आधी इथं येऊन सही."

संध्याकाळी पंधरा मिनिटं गटप्रमुखांशी बोलणं व्हायचं. तिथं मी काय झालं नाही, तेवढंच विचारायचो. कुठलं घर सोडलं आणि का, कुठली भिंत, कुठला मेन, कोणाचा पंचनामा बाकी. झालेल्या कामाच्या गोष्टी पोरं जेवताना सांगतातच. सोडलेल्या घरांची यादी रात्री तहसील कार्यालयात द्यायचो, भिंतींची यादी ग्रामपंचायतीला. सकाळच्या नव्या गटाचा कागद त्याच यादीवरून भरायचा. शक्यतो तोच गट त्याच गावात पाठवायचो, कारण लोक दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाला खरं सांगतात.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा तोच कागद बाहेर काढला. कोविडमुळे मास्कची आणि गाडीत कमी माणसं बसवायची ओळ वाढवावी लागली. भिंतीचा भाग तसाच ठेवला. काही नव्या केंद्रांनी कागद मागून नेला. त्यातल्या एकांनी "हे आपलं काम नाही" ही चौकट काढून टाकली, स्वयंसेवकांचा उत्साह मारला जातो म्हणाले. माझं मत उलट आहे, आणि मी ते त्यांना सांगितलं.

आपल्याकडे पूर येत राहणार आणि तुमच्यापैकी पुष्कळ जण कधी ना कधी मदतीला जातीलच. जाल तेव्हा केंद्रावरचा माणूस घाईत असेल, तो काही सांगणार नाही. तुम्ही विचारा. माझा गटप्रमुख कोण, आम्ही काय करायचं नाही, निरोप कोणाला आणि किती वाजता, परत आल्यावर सही कुठे. यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही तर त्या गाडीत बसू नका. केंद्रावर किट बांधायला माणसं नेहमी कमीच असतात.